त्यांनी दोन तास विचारले, निघाले आठ

क्लायंटकडच्या मॅडमचा मेल अगदी साधा होता. "एप्रिलच्या बिलात 5 तास एक्स्ट्रा लावलेत, पण मार्चचे 2 तास शिल्लक होते ना? जरा बघाल का?" एवढंच. ना राग, ना वरच्या कोणाला सीसी, आणि शेवटी नेहमीसारखं धन्यवाद. मी तो मेल वाचला आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल तर हा की नाही, त्यांचं काहीतरी चुकतंय. बिलं मी स्वतः बनवतो, दर महिन्याला त्याच शीटवरून बनवतो, चुकेल कसं. मग करार उघडला, टाइमशीट उघडली, आणि पाच मिनिटांत कळलं की त्या बरोबर आहेत.

आधी सांगतो आमचा व्यवहार कसा आहे ते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. आम्ही दोघं पार्टनर मिळून काही क्लायंटच्या वेबसाइट सांभाळतो. या क्लायंटबरोबर महिन्याला 40 तासांचा रिटेनर आहे, म्हणजे काम कमी असो वा जास्त, 40 तासांचे पैसे ठरलेले, आणि त्याच्या वर काम गेलं तर जास्तीच्या तासांचे वेगळे, त्याच रेटने. जानेवारीत करार रिन्यू झाला तेव्हा मॅडमनी एक अट घालून घेतली होती की एखाद्या महिन्यात 40 पैकी काही तास उरले तर ते पुढच्या एका महिन्यात वापरता यावेत. रास्त मागणी होती, मी लगेच हो म्हटलं, करारात तसं कलम आलं, दोघांच्या सह्या झाल्या. आणि बिलाच्या शीटमध्ये मात्र वर्षभर आधी टाइप केलेला फॉर्म्युला तसाच राहिला:

```
=MAX(0, B3-40)
```

बी कॉलममध्ये त्या महिन्यात वापरलेले तास. त्यातून 40 वजा करा, उरलं तर ते एक्स्ट्रा, नाही उरलं तर शून्य. जुन्या करारासाठी हे बरोबर होतं. नव्या करारासाठी मागच्या महिन्याची शिल्लकही वजा व्हायला हवी होती, म्हणजे सी कॉलममध्ये शिल्लक धरून असं:

```
=MAX(0, B3-40-C3)
```

एवढासा फरक. पण या चुकीची गंमत नाही, खरं तर वाईट गोष्ट ही आहे की ती दर महिन्याला दिसत नाही. आधीच्या महिन्यात तास उरलेले असतील आणि या महिन्यात 40 च्या वर काम गेलं असेल, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच बिल चुकतं, नाहीतर बरोबर येतं. म्हणून मी आधी एप्रिल बघून मग मागे गेलो, कारण फॉर्म्युला जानेवारीपासूनच चुकीचा असेल तर एप्रिल एकटा कसा असेल.

जानेवारीत 34 तास वापरले होते, म्हणजे 6 शिल्लक. फेब्रुवारीत 49 तास गेले. 40 अधिक 6, म्हणजे 46 तास त्यांचे हक्काचे होते, एक्स्ट्रा फक्त 3 व्हायला हवे होते, मी लावले 9. मार्चमध्ये 38 वापरले, 2 शिल्लक. एप्रिलमध्ये 45, हक्काचे 42, एक्स्ट्रा 3, मी लावले 5. म्हणजे एप्रिलचे 2 आणि फेब्रुवारीचे 6, मिळून 8 तास मी जास्त लावले होते, आणि फेब्रुवारीचं बिल तर त्यांनी मार्चमध्येच भरून टाकलं होतं. त्यांनी विचारले होते दोन. त्यांच्या लक्षातही न आलेले सहा तास माझ्या खात्यात पैशांच्या रूपात जाऊन बसले होते.

खरं सांगतो, इथे कोणी बघत नसतं. दोन तास कबूल केले असते, दुरुस्त बिल पाठवलं असतं, तर त्या थँक्यू म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता. पण ज्या क्षणी मला 6 हा आकडा दिसला त्या क्षणापासून तो न सांगणं म्हणजे चूक राहिली नसती, ते पैसे मी जाणूनबुजून ठेवून घेतल्यासारखं झालं असतं. चुकून घेणं आणि कळल्यावर ठेवणं, या दोन्हीत माझ्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्या दिवशी मी पूर्ण मेल पाठवला नाही, आणि ते बरं झालं. आकडा पक्का नसताना माफी मागायला गेलं की दुसऱ्या दिवशी परत मेल करावा लागतो की अहो सॉरी, 2 नाही 8, आणि तिसऱ्या दिवशी परत की 8 मध्ये टॅक्स धरला नव्हता, आणि मग समोरचा माणूस म्हणतो यांना स्वतःलाच माहीत नाही यांनी काय केलंय. पण गप्प बसणंही चूक, कारण क्लायंटला तेवढ्यात वाटतं की हे आता टाळतायत. म्हणून तासाभरात एवढंच पाठवलं:

"मॅडम, मेल मिळाला. तुमचा मुद्दा बरोबर दिसतोय. फक्त एप्रिल न बघता नवीन करार सुरू झाल्यापासूनची चारही बिलं तपासतो आणि उद्या दुपारी आकड्यांसकट कळवतो. तोपर्यंत एप्रिलचं बिल भरू नका."

शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. चुकीचं बिल त्यांच्या अकाउंट्सकडे पेमेंटच्या रांगेत असतं, आपण माफीची भाषा जुळवत बसतो आणि तिकडे पैसे निघून येतात, मग परत करण्याचं एक काम वाढतं.

मग रात्री मेल लिहायला बसलो. पहिला ड्राफ्ट असा झाला, जसाच्या तसा देतो:

"नमस्कार, तांत्रिक कारणामुळे एप्रिल महिन्याच्या बिलात तफावत आल्याचे निदर्शनास आले आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सुधारित बिल सोबत जोडले आहे."

एरवी आमचं बोलणं इतकं मोकळं आणि एकदम ही सरकारी पत्राची भाषा. घाबरलं की माणूस प्रमाणभाषेत शिरतो, आणि तिथे लपायला खूप जागा असते. "निदर्शनास आले आहे", कोणाच्या? त्यांच्याच निदर्शनास आलं, त्यांनी मला दाखवलं. "तांत्रिक कारणामुळे", म्हणजे जणू काही सर्व्हर बंद पडला. फॉर्म्युला मी टाइप केला होता आणि करार बदलल्यावर तो बदलायचा मी राहिलो. "तफावत आली", ती काय चालत आली? मराठीत हे फार सोपं आहे, "चूक झाली" म्हटलं की वाक्य पूर्ण होतं आणि करणारा कुठेच दिसत नाही. "मी चूक केली" म्हणायला जीभ जड होते. "आमच्याकडून चूक झाली" हे मधलं, नेहमीच्या बोलण्यात चालतं, पण पैसे जास्त घेतलेत तिथे मला ते पुरेसं वाटलं नाही.

आणि दिलगीर. हा शब्द मला आवडतो, पण त्याचा अर्थ मन खिन्न झालंय एवढाच. शेजाऱ्याच्या घरी काही वाईट घडलं तरी मी दिलगीर होऊ शकतो, त्यात माझा दोष नसतो. माफीत दोष आपला असतो आणि समोरच्याने ती द्यायची असते, म्हणजे आपण त्यांच्या हातात काहीतरी देतो. सेवा थोडा वेळ बंद राहणार असेल तेव्हा दिलगीर लिहावं. पैसे जास्त घेतले तेव्हा माफी मागावी. "गैरसोय" पण इथे बसत नाही, त्यांची गैरसोय नाही झाली, त्यांचे पैसे गेले.

तो ड्राफ्ट पुसला आणि दुसरा लिहिला तो नेमका उलट्या टोकाला गेला. चार मोठे पॅराग्राफ. मला किती वाईट वाटतंय, रात्रभर झोप नाही, इतक्या वर्षांच्या संबंधात असं कधी झालं नव्हतं, त्या महिन्यांत कामाचा किती लोड होता, तुमचा विश्वास गमावला तर काय राहिलं, वगैरे वगैरे. सगळं खरं होतं. लिहिताना मन हलकं होत होतं, हेही खरं. सकाळी पार्टनरला वाचायला दिला तर तिने वाचून एवढंच विचारलं, "यात 8 हा आकडा कुठाय?" बघितलं तर तिसऱ्या पॅराग्राफच्या मध्यात होता. मग म्हणाली, "हे वाचून त्यांना वाटेल आता यांचीच समजूत काढावी लागणार." आणि ते पटलं मला. पैसे त्यांचे गेले आणि वर धीरही त्यांनीच द्यायचा, हा कुठला न्याय. मला किती वाईट वाटतंय हे मेलमध्ये एका वाक्यापेक्षा जास्त आलं की तो मेल माझ्याबद्दल होतो.

अजून एक गोष्ट तिने लक्षात आणून दिली, की हा मेल दोन माणसं वाचणार. एक मॅडम, ज्यांना हे बघायचंय की आपल्याला फसवलं जात होतं की चूक होती. आणि दुसरे त्यांचे अकाउंट्सवाले सर, ज्यांना मेल फॉरवर्ड होणार आणि ज्यांना माझ्या भावनांशी काही देणंघेणं नाही, त्यांना एंट्री करायचीय. त्यांना बिल नंबर हवा, तारीख हवी, रक्कम हवी, कागद हवा. माफी कितीही मनापासून असली आणि त्या सरांना परत फोन करून विचारावं लागलं की अहो नक्की किती वजा करू, तर ती अर्धीच राहिली.

इथे "सुधारित बिल सोबत जोडले आहे" या वाक्यातली चूक कळते. मी पूर्वी हेच करायचो, जुनं बिल उघडायचं, आकडा बदलायचा, त्याच नंबरने परत पाठवायचं. पण जुनं बिल त्यांच्या पुस्तकात आधीच चढलेलं असतं. त्याच नंबरची दोन बिलं, दोन रकमा, आणि वर्षाच्या शेवटी कोणीतरी दोन्ही जुळवत बसतं. फेब्रुवारीचं तर भरूनही झालं होतं, त्यावरचा टॅक्स माझ्या बाजूने दाखवून झाला होता. पाठवलेलं बिल पुसायचं नसतं, त्याच्यासमोर क्रेडिट नोट, म्हणजे जास्त लावलेली रक्कम वजा करणारा वेगळा कागद, काढायची असते. त्या नोटेवर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख, किती तास, कुठल्या रेटने, आणि त्या तासांवर लावलेला टॅक्सही तेवढाच उलटा. टॅक्स उलटा करायचा विसरला तर क्लायंटला मूळ रक्कम परत मिळते आणि टॅक्स तसाच अडकून पडतो, आणि हे त्यांच्या अकाउंट्सला कळतंच, म्हणजे माफीच्या मेलमध्ये परत एक चूक. ती नोट टॅक्सच्या हिशोबात कुठल्या कालावधीत दाखवायची याचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, ते आपापल्या टॅक्सवाल्याला विचारून घ्यावं, मी पण विचारलं.

आता ज्या गोष्टीवरून मी आणि पार्टनर जवळजवळ तासभर बोलत होतो ती सांगतो.

चारही महिने तपासताना मला मार्चमध्ये एक जुना मेसेज सापडला. एका रात्री त्यांची साइट अडकली होती आणि मी दीड तास बसून ती सुरू केली होती. ते टाइमशीटमध्ये टाकायचं राहून गेलं होतं. म्हणजे मार्चमध्ये 38 नाही, खरे साडेएकोणचाळीस तास झाले होते. आणि तसं धरलं तर मार्चची शिल्लक 2 नाही, अर्धाच तास. मग एप्रिलमध्ये हक्काचे साडेचाळीस, वापरले 45, एक्स्ट्रा साडेचार, आणि मी लावले होते 5. म्हणजे मॅडम जे 2 तास म्हणत होत्या ते खरं तर अर्ध्या तासावर येत होते!

मोह झाला का, झाला. खूप झाला. हे खोटं पण नव्हतं, काम केलं होतं, मेसेज होता, वेळ दिसत होती. आणि मनात वाक्य तयारसुद्धा झालं होतं की "तपासणीत असंही आढळलं की मार्चमधले दीड तास लावायचे राहिले होते, ते ॲडजस्ट करून…" पार्टनरचं पण सुरुवातीला म्हणणं होतं की चूक दोन्ही बाजूंनी दाखवली तर हिशोब पूर्ण होतो, त्यात काय वाईट.

पण मी त्यांच्या खुर्चीत बसून ते वाक्य वाचून बघितलं. मार्चची टाइमशीट मी एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना पाठवली होती, त्यांनी बघून ओके म्हटलं होतं, त्यात 38 लिहिलं होतं. आता त्यांनी एक प्रश्न विचारला आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे असे तास निघाले जे आधी कुठल्याच कागदावर नव्हते, आणि ते नेमके त्यांच्या तक्रारीला कापणारे. कोणाला खरं वाटेल? मला नसतं वाटलं. आणि वाटलं असतं तरी त्या मेलचा सूर बदलला असता, माफी जाऊन घासाघीस आली असती. जो आकडा मी पाठवलेल्या टाइमशीटमध्ये आहे तोच त्यांच्यासाठी खरा, नोंद ठेवायची जबाबदारी माझी होती, त्यांची नाही. दीड तास सोडून दिले. आणि सोडले हेही मेलमध्ये लिहिलं नाही, कारण "आम्ही दीड तास सोडतोय" म्हटलं की तो पण एक प्रकारचा हिशोबच झाला, उपकाराचा.

हीच गोष्ट दीड ऐवजी पंधरा तासांची असती तर? तर मी सोडले नसते, पण या मेलमध्येही घातले नसते. आधी यांचं देणं पूर्ण चुकवायचं, आणि मग काही दिवसांनी वेगळा विषय म्हणून, पुराव्यासकट आणि "हे मान्य करायचं की नाही तुम्ही ठरवा" असं म्हणून मांडायचं. दोन चुका एकमेकींत वजा करून फक्त फरक सांगितला की समोरच्याला आपली चूक केवढी होती ते कधीच नीट कळत नाही.

मेल पाठवायच्या आधी फोन केला. मेल आधी जावा की फोन, यावर मतं वेगळी असतील, पण त्यांना माहीत नसलेले 6 तास त्यांनी एकट्याने स्क्रीनवर वाचावेत हे मला बरं वाटेना. फोनवर मी म्हटलं, "मॅडम, तुमचं बरोबर होतं, एप्रिलचे 2 तास मी जास्त लावले. आणि फेब्रुवारीचे 6 पण." पलीकडे जरा शांतता. मग म्हणाल्या, "अहो, फेब्रुवारीचं तर मी बघितलंच नव्हतं." आणि लगेच, "मग मागच्या वर्षीचं काय?"

हा प्रश्न येणारच असतो. एक चूक दाखवली, आपण दुसरी सांगितली, मग तिसरी नसेल कशावरून. आणि इथे मला कळलं की कारण सांगणं हे नेहमी सबब सांगणं नसतं. "लोड होता" ही सबब, कारण त्यातून त्यांना काहीच कळत नाही, लोड मागच्या वर्षीही असेल. पण "शिल्लक तास पुढे न्यायचं कलम जानेवारीत आलं, फॉर्म्युला त्याआधीचा आहे, म्हणून जानेवारीच्या आधी ही चूक होऊच शकत नाही" या वाक्याने चुकीला एक हद्द आखून मिळते, इथून इथपर्यंत, याच्या बाहेर नाही. मी तेवढंच सांगितलं, आणि हेही की मागच्या वर्षीची बिलं तरीपण मी टाइमशीटशी ताडून बघितलीत, ती जुळतात. त्या "बरं" म्हणाल्या, पण "मला तो तक्ता पाठवा" असंही म्हणाल्या. पाठवणारच होतो.

शेवटी गेलेला मेल हा:

"विषय: एप्रिल आणि फेब्रुवारीच्या बिलांतली माझी चूक, 8 तासांच्या क्रेडिट नोट

नमस्कार मॅडम,

फोनवर बोललो त्याप्रमाणे, एप्रिलच्या बिलात मी 2 तास आणि फेब्रुवारीच्या बिलात 6 तास जास्त लावले. फेब्रुवारीचे पैसे तुम्ही भरलेही आहेत. मी तुमची माफी मागतो.

जानेवारीच्या करारात शिल्लक तास पुढच्या महिन्यात नेण्याचं ठरलं, पण मी बिलाच्या शीटमध्ये तो बदल केला नव्हता. जानेवारी ते एप्रिलचा महिनावार तक्ता सोबत आहे. मागच्या वर्षीच्या बिलांना ही चूक लागू होत नाही, ती तपासून त्यांचाही तक्ता जोडला आहे.

दोन्ही बिलांसाठी स्वतंत्र क्रेडिट नोट जोडल्या आहेत, टॅक्स धरून. एप्रिलचं बिल आता 45 ऐवजी 43 तासांचं धरावं. फेब्रुवारीचे 6 तास त्यातूनच वजा केले तर द्यायचे 37 तासांचे राहतात. किंवा ते पैसे परत हवे असतील तर येत्या शुक्रवारपर्यंत, तुमचं पेमेंट ज्या खात्यातून आलं होतं त्याच खात्यात परत करतो. कसं हवं ते कळवा. ते ठरेपर्यंत एप्रिलच्या बिलाची मुदत थांबवली आहे.

मे महिन्यापासून प्रत्येक बिलावर मागील शिल्लक, या महिन्यात वापरलेले तास आणि पुढे नेलेली शिल्लक अशा तीन ओळी असतील."

बस. यात "पुन्हा असं होणार नाही" हे वाक्य नाहीये, ते मी मुद्दाम काढलं. ते वचन मी कशाच्या जोरावर देणार? त्याऐवजी त्या तीन ओळी, ज्या बघून त्या स्वतः दोन सेकंदात पडताळू शकतील. डिस्काउंट पण दिला नाही. पार्टनर एकदा म्हणाली होती की पुढच्या महिन्यात 2 तास फ्री देऊ, पण मला ते तोंड बंद करायला दिल्यासारखं वाटलं. त्यांचे पैसे त्यांना पूर्ण आणि वेळेवर परत जाणं हे आधी, आणि आमच्या चुकीमुळे त्यांना लेट फी वगैरे काही भरावं लागलं असतं तर तेही आम्ही भरायचं. त्यापलीकडे सवलत द्यायची तर ती पुढे कधीतरी, या प्रकरणाशी न जोडता.

खात्याबद्दलचं वाक्यही विचार करून लिहिलंय. "रिफंडसाठी तुमचे बँक डिटेल्स पाठवा" असा मेल मी कधीच करणार नाही, कारण बिलाच्या नावाने फसवणारे अगदी असाच मेल करतात, चूक झाली, जास्त पैसे आले, डिटेल्स द्या. ज्या खात्यातून आले तिथेच परत. खातं बदललं असेल तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये आलेल्या नंबरवर नाही.

एक गोष्ट मात्र जवळजवळ बिघडली होती. बिलिंगचं सॉफ्टवेअर मुदत जवळ आली की आपोआप रिमाइंडर पाठवतं, आणि एप्रिलच्या बिलाचं रिमाइंडर दुसऱ्याच दिवशी सकाळी जाणार होतं. "मुदत थांबवली आहे" असं मी मेलमध्ये लिहिलं, सेंड केलं, आणि रात्री जेवताना एकदम आठवलं की लिहिलं खरं पण बंद कुठे केलंय. उठून लॅपटॉप उघडला आणि ते थांबवलं. विचार करा, आज माफीचा मेल आणि उद्या सकाळी त्याच पत्त्यावर "आपले पेमेंट प्रलंबित आहे, कृपया त्वरित भरा", आणि तेही चुकीच्या रकमेचं. माझ्या मेलमधला एक शब्दही मग कोणी खरा मानला नसता, आणि का मानावा. तेव्हापासून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे, बिलात चूक आहे असा नुसता संशय आला तरी आधी रिमाइंडर बंद, मग बाकी सगळं.

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका ओळीचं. "एप्रिलमध्येच ॲडजस्ट करा. सांगितलंत ते बरं केलंत." अकाउंट्सच्या सरांचं त्यानंतर तासाभराने, "दोन्ही नोट मिळाल्या, 37 तासांचं पेमेंट उद्या." त्यांनी एकही उलट प्रश्न विचारला नाही याचं मला मॅडमच्या मेलइतकंच बरं वाटलं.

मे महिन्यात 36 तास झाले. बिलावर तीन ओळी टाकल्या, मागील शिल्लक शून्य, वापरलेले 36, पुढे नेलेले 4. बिल गेल्यावर मॅडमचा मेल आला, "शिल्लक 4, बरोबर?" मी म्हटलं बरोबर. जूनमध्येही आला, जुलैमध्येही. आधी त्या बिल न बघता अकाउंट्सकडे ढकलायच्या, आता दर महिन्याला आकडा विचारतात. मी दर वेळी टाइमशीट उघडून, परत मोजून, मगच उत्तर देतो.